नकाशा एक सांगतो, शेड्यूल दुसरेच: निविदापूर्व शंकासूची कशी तयार होते

सरकारी बांधकामाच्या निविदेत तीन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. अटी सांगतात की काम कोणत्या नियमांनी करायचे, नकाशे सांगतात की काय बांधायचे, आणि परिमाणांचे शेड्यूल सांगते की प्रत्येक बाब किती करायची व तिचे पैसे कशाच्या आधारे मिळणार. या तिन्हींचा एकमेकांशी मेळ बसला पाहिजे. तो जिथे बसत नाही त्या जागा शोधून, निविदा भरण्यापूर्वी खात्याला लेखी विचारलेल्या प्रश्नांच्या यादीला निविदापूर्व शंकासूची म्हणतात. ठेकेदारांच्या कार्यालयात तिला ‘प्री-बिड क्वेरी’ असेच नाव आहे.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागात ही यादी का महत्त्वाची ठरते, हे कळण्यासाठी निविदेचे नमुने थोडक्यात माहीत असावे लागतात. ‘बी-वन’ नमुन्यात खात्याने प्रत्येक बाबीचा दर आधीच लिहिलेला असतो आणि ठेकेदार एकूण रकमेवर फक्त एक टक्केवारी भरतो, अमुक टक्के कमी किंवा अमुक टक्के जादा. ‘बी-टू’ नमुन्यात प्रत्येक बाबीचा दर ठेकेदार स्वतः लिहितो. ‘सी’ नमुन्यात सगळ्या कामाची ठोक रक्कम ठरते. जिल्ह्यातले रस्ते, मोऱ्या, शाळाखोल्या यांची नेहमीची कामे बहुतेक बी-वनवर निघतात. बी-वनमध्ये एखाद्या बाबीचे वर्णन चुकले असेल, तर ठेकेदाराला त्या बाबीचा दर बदलता येत नाही. त्याच्या हातात ती एकच टक्केवारी असते, आणि तीत चूक भरून काढायची म्हणजे सगळ्या कामाचा दर वाढवायचा. तसे करणारा स्पर्धेतून बाहेर जातो, आणि ज्याने चूक पाहिलीच नाही तो सर्वांत कमी ठरतो.

निविदेबरोबर स्वतःच्या अटी लिहून देता येत नाहीत. ‘खडक लागल्यास वेगळा दर’ असे एक वाक्य जोडले तरी ती सशर्त निविदा ठरते आणि बाजूला पडते. त्यामुळे शंका मांडण्याची अधिकृत वेळ एकच, ती म्हणजे निविदा भरण्याआधीची. मोठ्या कामांत त्यासाठी निविदापूर्व बैठकीची तारीख सूचनेतच दिलेली असते आणि तिच्या आधी प्रश्न लेखी द्यायचे असतात. लहान कामांना बैठक नसते. तेव्हा कार्यकारी अभियंत्याला पत्र पाठवून पोच घ्यावी लागते.

विसंगती येतात कुठून, हे पाहिले तर शोधायचे कुठे हेही कळते. पुलांचे आणि मोठ्या मोऱ्यांचे नकाशे संकल्पचित्र मंडळातून किंवा नेमलेल्या सल्लागाराकडून येतात. अंदाजपत्रक उपविभागात शाखा अभियंता करतो, आणि बहुधा अंतिम नकाशा हाती येण्याआधी करतो, कारण प्रशासकीय मान्यतेसाठी आकडा आधी लागतो. अटींचा मसुदा विभागीय कार्यालयात तयार होतो आणि त्याचा पाया मागच्या एखाद्या कामाची फाईल असतो. तीन टेबलांवर, तीन वेगवेगळ्या महिन्यांत झालेले हे काम निविदा काढताना एकत्र येते. मधल्या काळात नकाशा सुधारला, रस्त्याची रुंदी वाढली, तरी अंदाजपत्रकातला आकडा जुनाच राहतो. यात बहुतेक वेळा कोणाचा डाव नसतो. काम करण्याच्या क्रमातूनच ही फट पडते.

ही फट कशी दिसते ते एका कल्पित पण नेहमीच्या धर्तीच्या कामावर पाहता येईल. कोकणातल्या एका जिल्हा मार्गावर, खाडीपासून जवळच, ओढ्यावरची जुनी मोरी पाडून नवी बॉक्स मोरी बांधायची आहे. नमुना बी-वन. मोरी दोन गाळ्यांची, प्रत्येक गाळा आतून ३ मीटर रुंद व ३ मीटर उंच. नकाशाप्रमाणे तिन्ही भिंती व वरचा स्लॅब ३५० मिलिमीटर जाडीचे, तळाचा स्लॅब ४०० मिलिमीटर, आतल्या प्रत्येक कोपऱ्यात १५० मिलिमीटरचा तिरका भराव, आणि मोरीची लांबी, म्हणजे रस्त्याच्या आडवी बाजू, १२ मीटर.

शंकासूची तयार करणारा अभियंता पहिल्यांदा अटी वाचत नाही. तो नकाशावरून स्वतः परिमाणे काढतो आणि मग शेड्यूल उघडतो. क्रम उलटा झाला तर छापलेला आकडा डोळ्यांत बसतो आणि हिशोब नकळत त्याच्याकडे झुकू लागतो. या मोरीचे छेदचित्र साधे आहे. बाहेरची रुंदी दोन गाळे आणि तीन भिंती मिळून ७.०५ मीटर, बाहेरची उंची ३.७५ मीटर. त्यातून गाळ्यांची १८ चौरस मीटर पोकळी वजा केली की ८.४४ चौरस मीटर काँक्रीट उरते. आठ कोपऱ्यांचे भराव धरले की ८.५३ होते. १२ मीटर लांबीला एकूण काँक्रीट १०२.३३ घनमीटर.

शेड्यूलमध्ये मात्र ८५.२८ घनमीटर आहे. ‘काँक्रीट कमी दाखवले आहे’ एवढे लिहून इथे थांबता येते, पण ते पुरेसे नाही. ८५.२८ ला छेदाच्या क्षेत्रफळाने भागले की उत्तर बरोबर १० येते. म्हणजे छेद तोच आहे, हिशोबही बरोबर आहे, फक्त मोरीची लांबी १० मीटर धरलेली आहे. खोदाईची बाब तपासली तर तिथेही हाच पुरावा सापडतो. खड्डा मोरीपेक्षा प्रत्येक बाजूने ६०० मिलिमीटर मोठा, रुंदी ८.२५ मीटर, खोली २.१ मीटर. शेड्यूलमधली खोदाई १९४.०४ घनमीटर आहे आणि तिच्यातून खड्ड्याची लांबी ११.२ मीटर निघते, म्हणजे मोरी पुन्हा १० मीटरचीच. नकाशाप्रमाणे खड्डा १३.२ मीटर लांब आणि खोदाई २२८.६९ घनमीटर हवी. अंदाजपत्रक झाले तेव्हा रस्ता अरुंद होता आणि नंतर तो रुंद झाला, हे दोन आकड्यांवरूनच कळते. असे कारण शंकेत लिहिले की खात्याच्या अभियंत्याला ती चूक स्वतःच्या फाईलमध्ये दोन मिनिटांत सापडते, आणि सापडलेली चूक नाकारता येत नाही.

काँक्रीटचे परिमाण कमी असल्याने ठेकेदाराचे थेट नुकसान होते का? बी-वनमध्ये बिल प्रत्यक्ष मोजमापावर निघते, त्यामुळे १०२.३३ घनमीटर ओतले तर तेवढ्याचे पैसे मिळतात. इथे बी-वन कराराचे कलम ३८ पाहावे लागते. शेड्यूलमधली परिमाणे अंदाजे आहेत आणि एखादी बाब निविदेतल्या परिमाणापेक्षा २५ टक्क्यांपर्यंत वाढली तरी दर तोच राहील, असा त्याचा आशय आहे. त्यापुढच्या वाढीला दर नव्याने बसवला जातो. तो चालू दरसूचीवरून काढतात आणि निविदा जितकी कमी किंवा जादा असेल तेवढी टक्केवारी त्यालाही लावतात. ८५.२८ च्या सव्वापट १०६.६ होते. १०२.३३ त्याच्या आत आहे, म्हणजे काँक्रीटची सगळी वाढ जुन्याच दराने होणार. परिमाणापुरते पाहिले तर ही शंका ठेकेदारापेक्षा खात्याच्या निधीची आहे, आणि अनुभवी अभियंता ती यादीत वर ठेवत नाही.

वर ठेवायची शंका त्याच बाबीच्या वर्णनात असते. शेड्यूलमध्ये ‘एम-२५ प्रतीचे काँक्रीट’ आहे. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यातल्या टिपांमध्ये मात्र तळाचा स्लॅब, भिंती आणि वरचा स्लॅब एम-३० चे असे लिहिले आहे. खाडीलगतच्या खाऱ्या हवेत सळई लवकर गंजते. त्यामुळे संकल्पचित्र करणाऱ्याने वरची प्रत मागितली हे योग्यच आहे, आणि मोरी टिकायची असेल तर एम-२५ वर यायचा आग्रह कोणी धरू नये. प्रश्न एवढाच की एम-३० ओतले तर दर कोणता? शेड्यूलमधला दर एम-२५ चा आहे. ‘नकाशाप्रमाणे काम करणे बंधनकारक’ अशी एक अट निविदेत असतेच. काम सुरू झाल्यावर खाते त्या अटीवर बोट ठेवून एम-३० मागेल आणि बिल एम-२५ च्या बाबीखाली लिहील. घनमीटरमागे दोन्हींत समजा ४०० रुपयांचा फरक आहे, तर या एका मोरीवर सुमारे ४१ हजार रुपये जातात. ज्या रस्त्यावर अशा दहा-बारा मोऱ्या आहेत तिथे हा आकडा सगळा नफा खातो.

पोलादाच्या बाबीत दोन्ही प्रकारची विसंगती एकत्र येते. शेड्यूलमध्ये ६.८२ टन सळई आहे. तिला ८५.२८ ने भागले की घनमीटरला ८० किलो बसते, अगदी वाटोळा आकडा. तो पाहिल्याबरोबर समजावे की सळया मोजलेल्या नाहीत, ठोकताळ्याने धरल्या आहेत. नकाशावरून एकेक सळई मोजून यादी केल्यावर या मोरीला ११.२६ टन लागतात. निविदेच्या परिमाणाहून ही ६५ टक्के वाढ आहे. कलम ३८ प्रमाणे ८.५३ टनांपर्यंतची सळई निविदेच्या दराने आणि उरलेली सुमारे २.७ टन नव्या दराने होईल. पोलादाचे भाव चढले असतील तर नवा दर ठेकेदाराला बरा पडेल, उतरले असतील तर नुकसान होईल. कोणत्याही परिस्थितीत तो दर मंजूर होईपर्यंत २.७ टनांचे पैसे रनिंग बिलात अडकतात आणि सळई पुरवणारा दुकानदार मात्र थांबत नाही.

पण ११.२६ टन हा आकडाही एका गोष्टीवर अवलंबून आहे. वरच्या स्लॅबची खालची मुख्य सळई छेदचित्रात १६ मिलिमीटर व्यासाची, १५० मिलिमीटर अंतरावर दाखवली आहे. त्याच स्लॅबच्या आडव्या चित्रात, त्याच अंतरावर, व्यास १२ मिलिमीटर लिहिला आहे. सळईचे मीटरमागे वजन व्यासाच्या वर्गाला १६२ ने भागून येते: १६ मिलिमीटरला १.५८ किलो, १२ मिलिमीटरला ०.८९ किलो. १२ मीटर लांबीत अशा ८१ सळया बसतात, प्रत्येकी सुमारे ७ मीटरच्या. म्हणजे या एका थराचे वजन एका चित्राप्रमाणे सुमारे ९०० किलो आणि दुसऱ्याप्रमाणे सुमारे ५०० किलो. ही विसंगती फक्त पैशाची नाही. व्यास कमी-जास्त झाला की स्लॅबची वाहनांचा भार पेलण्याची ताकद बदलते, म्हणून उत्तर संकल्पचित्र करणाऱ्याकडूनच आले पाहिजे. ‘जो व्यास मोठा तो धरावा’ असे जागेवरच्या अभियंत्याने तोंडी सांगणे इथे चालत नाही. शंकेत तसे स्पष्ट विचारावे लागते: सुधारित नकाशा, नव्या सुधारणा क्रमांकासह.

तिसरी जागा जमिनीखालची. नकाशावर चाचणी खड्ड्याची नोंद आहे: १.५ मीटरपर्यंत माती व मुरूम, त्याखाली कठीण खडक. पाया २.१ मीटरवर आहे, म्हणजे शेवटचे ६०० मिलिमीटर खडकात. खड्ड्याच्या आकाराने खडक ६५ घनमीटरच्या थोडा वर जातो. शेड्यूलमध्ये मात्र खोदाईची एकच बाब आहे, ‘माती, मऊ व कठीण मुरूम यांत खोदाई’. कठीण खडकाची बाबच नाही. विशेष अटींत एक ओळ आहे की खोदाईचा दर सर्व प्रकारच्या थरांसाठी धरला जाईल आणि त्याबाबत कोणताही दावा चालणार नाही. शिवाय नकाशावर मोरीपासून थोड्या अंतरावर घरे दाखवली आहेत, म्हणजे सुरुंग लावता येणार नाही, ब्रेकरने खडक फोडावा लागेल. मोजमापाचे भारतीय मानक, आयएस १२००, खोदाई थरांप्रमाणे वेगळी मोजायला सांगते. त्यात सुरुंगाचा कठीण खडक आणि सुरुंग निषिद्ध असलेला कठीण खडक हे दोन वेगळे प्रकार आहेत, कारण दुसऱ्याचा खर्च पहिल्याहून बराच जास्त येतो.

इथे तीन कागद तीन गोष्टी बोलतात. नकाशा खडक आहे म्हणतो, शेड्यूल मुरूम म्हणते, अट म्हणते की काहीही लागो दर एकच. या मोरीच्या निविदेतली सर्वांत महागडी विसंगती हीच. अट नसती तर खडक शेड्यूलबाहेरची बाब ठरला असता आणि कलम १४ प्रमाणे जादा बाब म्हणून त्याचा दर मंजूर करून घेता आला असता. अशा दरांच्या यादीला खात्यात ‘ईआयआरएल’ म्हणतात. अट असल्याने तोही मार्ग बंद होतो. आणि वाद झालाच, तर बी-वनच्या कलम ३० प्रमाणे अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम असतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या करारात अशा वेळी कोणता कागद वरचढ, याचा क्रम लिहिलेला असतो: आधी शेड्यूलमधले बाबीचे वर्णन, मग विशिष्ट तपशील व विशेष अटी, मग नकाशे, आणि शेवटी सर्वसाधारण मानके. या मोरीच्या निविदेत तसा क्रम दिलेला नाही. म्हणून शंकासूचीत एक स्वतंत्र प्रश्न क्रमासाठीच असावा. तो मिळाला की उरलेल्या अर्ध्या शंका आपोआप सुटतात. पण मिळणारा क्रम फायद्याचाच असेल असे धरून चालू नये. विशेष अटी पहिल्या क्रमांकावर आल्या, तर खडकाचा प्रश्न अधिकच पक्का होतो.

चौथी विसंगती अटींच्या पोटातलीच आहे. निविदा सूचनेत मुदत ‘९ महिने, पावसाळ्यासह’ आणि विशेष अटींत ‘९ महिने, पावसाळा वगळून’. कार्यादेश मार्चच्या सुरुवातीला मिळाला, तर पहिल्या वाचनाप्रमाणे काम नोव्हेंबरअखेर संपले पाहिजे. जून ते सप्टेंबर ओढा भरून वाहतो आणि पात्रात काम होत नाही, म्हणजे हाती खरे महिने पाच. दुसऱ्या वाचनाप्रमाणे मुदत पुढच्या मार्चअखेरपर्यंत जाते. मध्ये चार महिन्यांचे अंतर पडते. विलंबाची भरपाई कलम २ मध्ये आहे: अंदाजित किमतीच्या एक टक्क्यापर्यंत दररोज, एकूण मर्यादा १० टक्के. एक टक्का क्वचितच लावला जातो, अधीक्षक अभियंता तो कमी करू शकतो. पण दहा दिवसांत पूर्ण मर्यादा गाठता येईल असे कलम डोक्यावर असताना चार महिन्यांची मुदत संदिग्ध ठेवून निविदा भरणे कोणालाच परवडत नाही. त्याच कलमात कामाचा एक चतुर्थांश भाग एक चतुर्थांश मुदतीत, अर्धा अर्ध्या मुदतीत अशी टप्प्यांची गतीही बांधलेली असते. पावसाळा मुदतीत धरला, तर कामाचा अर्धा टप्पा नेमका जुलैच्या मध्यावर येतो. पात्रातल्या कामासाठी ते अशक्य आहे आणि खात्यालाही ते माहीत असते.

एवढे शोधले तरी काम अर्धेच झालेले असते. शंका लिहिणे हा त्याहून कठीण भाग. खात्याकडून सर्वांत जास्त मिळणारे उत्तर म्हणजे ‘निविदेतील तरतुदीप्रमाणे’. त्यामागे नेहमी आळस असतो असे नाही. परिमाण वाढवायचे तर अंदाजपत्रक बदलते, तांत्रिक मान्यता पुन्हा घ्यावी लागते, रक्कम मंजूर मर्यादेपलीकडे गेली तर सुधारित प्रशासकीय मान्यतेचा प्रस्ताव वर जातो आणि निविदा महिनोन्‌महिने थांबते. तेव्हा अभियंता स्वाभाविकपणे असे उत्तर निवडतो ज्याने काहीच बदलत नाही. पण निविदेतच दोन परस्परविरोधी गोष्टी असतील, तर ‘निविदेप्रमाणे’ या उत्तराला अर्थ उरत नाही. शंका लिहिण्याची सगळी कला या एका गोष्टीत आहे: प्रश्न असा मांडायचा की हे उत्तर देताच येऊ नये.

उदाहरणार्थ, ‘काँक्रीटची प्रत स्पष्ट करावी’ या शंकेला ‘निविदेतील तरतुदीप्रमाणे’ हे उत्तर चपखल बसते. तीच शंका पुढीलप्रमाणे लिहिली तर बसत नाही:

‘शेड्यूल बी, बाब क्र. ७: एम-२५ प्रतीचे काँक्रीट, ८५.२८ घनमीटर. नकाशा क्र. २, टीप ४: मोरीच्या सर्व भागांसाठी एम-३०. दोन्हींत प्रत वेगळी आहे. तसेच नकाशातील १२ मीटर लांबीप्रमाणे परिमाण १०२.३३ घनमीटर येते (गणना जोडली आहे). शेड्यूलमधील परिमाण १० मीटर लांबीशी जुळते. कृपया कळवावे: (अ) काम एम-३० मध्ये करावयाचे असल्यास बाब क्र. ७ चे वर्णन, दर व परिमाण सुधारून शेड्यूल पुन्हा प्रसिद्ध केले जाईल काय? (ब) एम-२५ मध्ये करावयाचे असल्यास नकाशातील टीप ४ वगळून सुधारित नकाशा दिला जाईल काय?’

या शंकेत दोन्ही जागा क्रमांकासह दिल्या आहेत आणि मूळ मजकूर जसाच्या तसा घेतला आहे. स्वतःचा हिशोब जोडलेला आहे. शेवटी दोनच पर्याय ठेवले आहेत आणि दोन्हींचा परिणाम एखादा कागद बदलण्यात होतो. अभियंत्याला काय करायचे ते सुचवलेले आहे, पण कोणावर ठपका ठेवलेला नाही. ‘चूक’, ‘हलगर्जी’, ‘दिशाभूल’ असे शब्द शंकेत कधीच येऊ देऊ नयेत. सगळ्यांसमोर वाचल्या जाणाऱ्या कागदावर ठपका आला की उत्तर देणारा माणूस बचावाच्या भूमिकेत जातो आणि दुरुस्ती मागे पडते.

खडकाची शंकाही याच पद्धतीने लिहायची, फक्त तिथे मागणी नेमकी हवी. ‘सर्व थरांसाठी एक दर’ ही अट काढून टाका, असे मागितले तर नकार जवळजवळ ठरलेला, कारण ती अट अनेक निविदांत तशीच चालत आलेली असते. त्याऐवजी नकाशातल्याच नोंदीवर बोट ठेवून, ‘सुरुंगाशिवाय कठीण खडकात खोदाई, सुमारे ६५ घनमीटर’ ही बाब शेड्यूलमध्ये घालावी आणि मुरुमाची बाब १६३ घनमीटर करावी, असे विचारता येते. त्यात अटीला हात लागत नाही आणि एकूण खोदाईही नकाशाइतकीच राहते. खात्याला हे मान्य करणे सोपे जाते.

यादी छोटी ठेवण्याचा मोह आणि लांबवण्याचा मोह, दोन्ही असतात. मोठ्या कामांत साठ-सत्तर शंकांची यादी जाते. त्यातल्या चाळीस निव्वळ सवलती मागणाऱ्या असतात: अनामत कमी करा, मुदत वाढवा, अनुभवाची अट शिथिल करा. अशा मागण्यांच्या गर्दीत खऱ्या विसंगती हरवतात आणि सगळ्यांना एकच ठराविक उत्तर मिळते. विसंगती वेगळ्या तक्त्यात, पैशाच्या परिणामाप्रमाणे उतरत्या क्रमाने द्याव्यात आणि मागण्या, द्यायच्याच असतील तर, शेवटी वेगळ्या पानावर. या मोरीपुरता क्रम असा लागेल: खडक, मुदत, सळईचा व्यास व वजन, काँक्रीटची प्रत, कागदांचा क्रम, आणि मग बाकीचे.

बैठकीत तोंडी मिळालेल्या उत्तराला करारात किंमत नसते. ‘तसे करू, काळजी करू नका’ असे अधीक्षक अभियंत्याने सगळ्यांसमोर सांगितले तरी कागदावर येईपर्यंत ते नाहीच. ज्या उत्तराने खरेच काही बदलते ते दोन रूपांत येते. एक म्हणजे महाटेंडर्स संकेतस्थळावर टाकलेले शुद्धिपत्रक, ज्याबरोबर सुधारित शेड्यूल आणि सुधारित नकाशा असतो. दुसरे म्हणजे ‘कॉमन सेट ऑफ डेव्हिएशन्स’, खात्यात ज्याला नुसते सीएसडी म्हणतात. सर्व निविदाकारांच्या शंकांवर खात्याने दिलेली उत्तरे त्यात विचारणाऱ्याचे नाव न देता एकत्र येतात, प्रत्येक निविदाकार त्यावर सही करून ते निविदेबरोबर जोडतो आणि पुढे ते करारनाम्याचा भाग होते. सीएसडी हाती आल्यावर आपल्या प्रत्येक शंकेपुढचे उत्तर पुन्हा मूळ यादीशी ताडून पाहावे लागते. उत्तरात ‘एम-३० मध्ये काम करावे’ असे आले पण शेड्यूल जुनेच राहिले, तर नुकसान आधीपेक्षा जास्त पक्के झालेले असते, कारण आता एम-३० बंधनकारक झाले आणि दर मात्र एम-२५ चाच राहिला. अशा वेळी मुदत शिल्लक असेल तर त्याच दिवशी दुसरे पत्र द्यावे. सुधारित शेड्यूलची जुनी फाईल भरली जाऊ नये हेही पाहावे लागते. जुन्या फाईलवर भरलेली टक्केवारी संकेतस्थळ स्वीकारत नाही, किंवा स्वीकारली तर ती चुकीच्या रकमेवर लागते.

काही ठेकेदार विसंगती पाहूनही विचारत नाहीत. बी-टूमध्ये त्यामागे हिशोब असतो. शेड्यूलमध्ये खडक फक्त १० घनमीटर आणि नकाशाप्रमाणे तो ६५ निघणार असे एकट्याला कळले असेल, तर तो त्या बाबीला चढा दर लावतो आणि जी बाब प्रत्यक्षात कमी होणार तिचा दर पाडतो. एकूण रक्कम कमी दिसते, काम मिळते आणि बिल निघताना किंमत वाढते. याचा फटका खात्याला म्हणजे करदात्याला बसतो आणि प्रामाणिक निविदाकार हरतो. शंका विचारल्याने हा फायदा सगळ्यांसाठी बंद होतो, कारण उत्तर सगळ्यांना मिळते. मात्र हा डाव खेळणाऱ्यासाठीही सुरक्षित नसतो. कलम ३८ मुळे २५ टक्क्यांपुढच्या खडकाला त्याने लिहिलेला चढा दर मिळत नाही, दरसूचीवरून काढलेला मिळतो. ६५ पैकी साडेबारा घनमीटरच त्याच्या दराने जातात. आणि पाडलेल्या दराची बाब ऐनवेळी वाढली, तर तिच्या पहिल्या २५ टक्के वाढीचा तोटा त्याला मुकाट सोसावा लागतो. बी-वनमध्ये तर बाबीचा दरच हातात नसल्याने न विचारण्यात कसलाच लाभ नाही.

खात्याने काहीच उत्तर दिले नाही, किंवा ‘निविदेप्रमाणे’ म्हणून परत पाठवले, तर निविदाकाराकडे दोन वाटा राहतात. सर्वांत वाईट वाचन खरे धरून त्याचा बोजा टक्केवारीत घालायचा, किंवा निविदा भरायचीच नाही. या मोरीत सर्वांत वाईट वाचन म्हणजे खडक मुरुमाच्या दराने, एम-३० एम-२५ च्या दराने, मुदत नोव्हेंबरअखेर आणि सळई मोठ्या व्यासाची. या चारही गोष्टींचा खर्च मांडून झाल्यावर टक्केवारी बाजारापेक्षा खूप वर जात असेल, तर काम सोडून देणे हाच शहाणपणाचा निर्णय असतो. भरायचे ठरले, तर शंकासूची, तिची पोच, बैठकीचे इतिवृत्त आणि मिळालेले उत्तर, सगळे एकत्र जपून ठेवावे. खड्ड्यात खडक लागेल त्या दिवशी शाखा अभियंत्यासमोर थराची संयुक्त नोंद करून, मोजमाप पुस्तिकेत खडक आणि मुरूम वेगळे लिहून घेण्याचा आग्रह धरावा. फोडलेला दगड रचून ठेवला की त्याचे पोकळीसकट मोजमाप घेऊन पडताळा करता येतो. त्यानंतरचे पत्र निविदापूर्व शंकेच्या क्रमांकाचा संदर्भ देऊनच सुरू करावे, कारण खडकाची माहिती दोन्ही बाजूंना कामाआधीच होती हे दाखवणारा तोच कागद असतो. तो दावा मान्य होईलच असे नाही. विशेष अट तशीच राहिली असेल, तर अधीक्षक अभियंता तो त्या अटीवर फेटाळू शकतो, आणि पुढची लढाई न्यायालयातली असते.